तक्रार मिटल्यावरचं पत्र : शिक्षिकेचे आभार आणि तक्रार मागे घेणं, दोन्ही एकाच कागदावर

तक्रारीचं पत्र लिहिताना पालकांना शब्द शोधावे लागत नाहीत. मूल रडत घरी आलेलं असतं, राग ताजा असतो आणि रात्री अकरा वाजता दीड पानाचा ईमेल एका दमात लिहून होतो. पुढे बैठक होते, खुलासा होतो, चूक दुरुस्त होते. निघताना दाराशी उभं राहून आई म्हणते, "मॅडम, आमचं समाधान झालं हं." मॅडमही हसून म्हणतात, "अहो, त्यात काय एवढं." विषय तिथेच संपला असं दोघींनाही वाटतं.

मी अनेक वर्षं शाळेत पर्यवेक्षिका होते आणि पालकांच्या तक्रारींची फाइल माझ्या कपाटात असे. त्या फाइलमध्ये दाराशी बोललेलं एकही वाक्य नाही. तिथे तक्रार आहे, तिच्यावर आवक क्रमांक आहे आणि मुख्याध्यापकांचा "संबंधितांशी चर्चा करावी" असा शेरा आहे. चर्चेतून काय निघालं याचा पुष्कळदा पत्ताच नसतो. दोन-तीन वर्षांनी मुख्याध्यापक बदलतात, त्याच शिक्षिकेबद्दल दुसऱ्या कोणाची तरी कुरकुर येते, फाइल उघडली जाते आणि कोणीतरी म्हणतं, "यांच्याबद्दल आधीही एक आलीच होती की." आधीची केव्हाच मिटली होती, हे सांगणारा कागद त्या वेळी कोणाच्याच हाती नसतो.

म्हणून तक्रार लेखी केली असेल तर ती मागे घेणंही लेखीच हवं. हे पत्र वाटतं तितकं सोपं नाही, कारण एकाच कागदाला दोन कामं करायची असतात आणि ती दोन्ही एकमेकांना ओढतात. आभार मानण्याच्या भरात पालक "आमचंच चुकलं" लिहून बसतात, मग जे खरोखर घडलं होतं तेही पुसलं जातं. नाहीतर तक्रार मागे घेताना पत्र इतकं कोरडं होतं की आभार नावालाच उरतात. हे टाळून पत्र कसं लिहायचं, ते एक प्रकरण घेऊन पायरीपायरीने सांगते. प्रकरण मी पाहिलेल्या काही गोष्टी जोडून केलं आहे. त्यातलं कुठलंही मूल किंवा शिक्षिका ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

प्रकरण

सहावीतल्या मुलीचा विज्ञानाचा प्रकल्प होता. बी रुजत घालायचं आणि रोज मुळाची लांबी मोजून वहीत लिहायची. प्रकल्पाला एकूण 20 गुण : मांडणीला 6, लेखनाला 6 आणि निरीक्षण वहीला 8. मुलीला 9 मिळाले. त्याच दिवशी वर्गात बाई तिला म्हणाल्या, "वही नाही, मग हे केलं कोणी? घरच्यांनी का?" वर्ग हसला.

8 फेब्रुवारीला आईवडिलांनी मुख्याध्यापिकांना ईमेल केला आणि विज्ञानाच्या बाईंना व वर्गशिक्षकांना त्याची प्रत पाठवली. ईमेलमध्ये तीन गोष्टी होत्या. पहिली, गुण विनाकारण कापले. दुसरी, मुलीला वर्गासमोर अपमानित केलं. तिसरी एका वाक्यात होती : "मॅडमचा आमच्या मुलीवर पहिल्यापासूनच राग आहे."

16 तारखेला बैठक झाली. बाईंनी दोन्ही तुकड्यांच्या वह्यांचे गठ्ठे आणले होते आणि सगळ्यांसमोर एकेक वही उलटून पाहिली. हरवलेली वही दुसऱ्या तुकडीच्या गठ्ठ्यात निघाली. मुलीने ती वर्गात न देता मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दुसऱ्याच सरांच्या हातात दिली होती आणि सरांनी समोर दिसलेल्या गठ्ठ्यावर ठेवली होती. वही तपासून तिला 8 पैकी 6 मिळाले, एकूण गुण 15 झाले. वर्गात बोललेल्या वाक्याबद्दल बाई स्वच्छ म्हणाल्या की असं विचारायचं होतं तर तिला एकटीला बोलवून विचारायला हवं होतं. 19 तारखेला गुणपत्रकात दुरुस्ती झाली. 20 तारखेला बाईंनी वही सापडल्याचं वर्गात सांगितलं. त्याआधी त्या मुलीशी बाजूला घेऊन बोलल्या होत्या.

आता पालकांनी पत्र लिहायचं आहे.

पहिली पायरी : थांबा, अजून सगळं झालं आहे का?

बैठकीहून घरी आल्याआल्या पत्र लिहायला बसू नका. 16 तारखेच्या संध्याकाळी या पालकांच्या हाती काय होतं? गुण दुरुस्त करू, वर्गात सांगू, असं दोनदा दिलेलं आश्वासन. आश्वासनावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण आश्वासन म्हणजे निकाल नव्हे. तक्रार मागे घेतल्यावर गुणपत्रकात दुरुस्ती व्हायची राहिली, तर पुन्हा कुठल्या तोंडाने सांगणार? त्या वेळी लिहिलेलं दुसरं पत्र पहिल्या तक्रारीपेक्षा कडू होतं आणि शाळेलाही ते पालक लहरी वाटू लागतात.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे आभार पाठवायला मात्र काहीच हरकत नाही : "काल आपण वेळ दिलात, वही शोधलीत, मनापासून आभार. गुणांची दुरुस्ती झाली की तक्रारीबद्दल सविस्तर लिहितो." एवढं पुरे. त्यामुळे शिक्षिकेला आठवडाभर मनात धाकधूक ठेवावी लागत नाही. जे ठरलं ते झालेलं स्वतः पाहिलं की मग दोन-तीन दिवसांत मुख्य पत्र लिहा. फार लांबवू नका. महिन्याने आलेलं पत्र कोणीतरी सांगून लिहून घेतल्यासारखं दिसतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. काही तक्रारी पालकाने पत्र लिहून मागे घ्यायच्या नसतातच. मारहाण, लैंगिक स्वरूपाचं वर्तन, मुलाला घाबरवून गप्प बसवणं, अशा तक्रारी बैठकीत गोड बोलणं झालं म्हणून मिटत नाहीत. "शाळेचं नाव खराब होईल, पत्र द्या" असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. हा लेख गुण, वर्गातली जागा, गृहपाठ, बोलण्याची पद्धत, निरोपातला घोळ अशा बोलून सुटणाऱ्या तक्रारींपुरता आहे.

दुसरी पायरी : जुनी तक्रार समोर ठेवून तिचे तुकडे करा

आठवणीवर विसंबून लिहू नका. आपण काय लिहिलं होतं ते पालकांना नेहमी सौम्य आठवतं. ईमेल उघडा किंवा पत्राची प्रत काढा आणि त्यातल्या प्रत्येक आरोपापुढे पेन्सिलीने तीनपैकी एक खूण करा.

एक, घडलं होतं आणि दुरुस्त झालं. आपल्या प्रकरणात गुण खरंच कमी लागले होते आणि आता 15 झाले.

दोन, घडलं होतं आणि समोरच्याने ते मान्य केलं. वर्गासमोरचं वाक्य यात येतं. ते बोललं गेलं हे खरं, ते परत घेता येत नाही, पण त्याची भरपाई झाली.

तीन, आपणच चुकीचं लिहिलं होतं. "पहिल्यापासून राग आहे" याला कसलाही आधार नव्हता. तो रागाच्या भरात काढलेला अंदाज होता.

सगळं पत्र या तीन खुणांवर उभं राहतं, कारण प्रत्येक खुणेचं क्रियापद वेगळं आहे. पहिलीला "दुरुस्ती झाली". दुसरीला "समाधान झालं". तिसरीला "माफी मागतो". ही क्रियापदं एकमेकांच्या जागी घातली की पत्र बिघडतं. गुणांबद्दल माफी मागितली तर चूक नसताना ती आपल्याकडे येते. रागाच्या आरोपावर नुसतं "समाधान झालं" लिहिलं, तर आरोप खरा होता पण आम्ही सोडून दिला, असा अर्थ निघतो. फाइलमध्ये शिक्षिकेला सर्वांत जास्त टोचतो तो तिसराच आरोप. गुण चुकू शकतात हे सगळे जाणतात. मुलावर आकस धरणं हा माणसाच्या स्वभावावरचा डाग असतो, म्हणून त्या एका वाक्याला स्वतंत्र परिच्छेद द्यायला हवा.

तिसऱ्या खुणेचं काहीच निघालं नाही, म्हणजे तुमची तक्रार शब्दन् शब्द बरोबर होती, तर माफीचा परिच्छेद घालू नका. आभार मानायचे तर माफीही मागावीच लागते, असं नाही.

तिसरी पायरी : मागे घेण्याचं वाक्य

पत्रातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. ते साधं, एकच आणि अटींशिवाय असावं : "म्हणून आम्ही आमची 8 फेब्रुवारीची तक्रार मागे घेत आहोत." त्यात तारीख हवीच. पालकांनी वर्षभरात दोन-तीन ईमेल केलेले असतात, आणि "आमची तक्रार" म्हटल्यावर कुठली ते तिसऱ्या माणसाला कळत नाही.

माझ्याकडे आलेल्या पत्रांत या वाक्याच्या जागी काय काय लिहिलेलं असे, ते सांगते. "तक्रार नव्हतीच, फक्त मनातलं सांगितलं होतं." हे खरं नाही. शिवाय पुढे कधी खरी तक्रार करायची वेळ आली तर हेच वाक्य तुमच्यासमोर येतं. "सगळा आमचा गैरसमज होता." वही खरोखर हरवली होती आणि वाक्य खरोखर बोललं गेलं होतं, तर सगळा गैरसमज कसा? अशा वाक्याने मुलीचं म्हणणंही खोटं ठरतं, आणि हे पत्र कधी ना कधी तिच्या नजरेस पडतं. "तूर्तास तक्रार मागे घेत आहोत, मात्र पुन्हा असं घडल्यास योग्य ती कारवाई करू." ही धमकी झाली. पुन्हा काही झालं तर पुन्हा लिहिण्याचा हक्क तुमच्याकडे असतोच, तो राखून ठेवल्याचं लिहावं लागत नाही. "तूर्तास" हा एक शब्द सगळ्या आभारांवर पाणी ओततो.

"आता तक्रार रद्द समजावी" हेही मला पटत नाही. रद्द म्हटलं की ती मुळात वैध नव्हती असा सूर येतो. तक्रार केली ती बरोबरच होती, आता तिचं कारण उरलं नाही, एवढंच सांगायचं असतं. त्यासाठी "मागे घेत आहोत" पुरेसं आहे. तुम्हाला तक्रारीची नोंद राहू द्यायची असेल, पण ती संपली असंही सांगायचं असेल, तर "तक्रार निकाली निघाली आहे, असे आमच्याकडून कळवत आहोत" हा पर्याय आहे. गंभीर दुरुस्ती झालेल्या प्रकरणात मी तो सुचवेन. गुणांच्या घोळासाठी तो जड होतो.

चौथी पायरी : आभार कशाचे?

"आपल्या सहकार्याबद्दल आभार" हे वाक्य शिक्षक वाचतच नाहीत, डोळा त्यावरून घसरतो. बैठकीत तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट निवडा, जी न करताही शिक्षिकेचं भागलं असतं. या प्रकरणात ती समोर होती. बाईंनी वही शोधायला शिपायाला सांगितलं नाही, स्वतः दोन गठ्ठे उपसले. वही सापडल्यावर गुण देऊन मोकळ्याही झाल्या नाहीत. त्यांनी आईवडिलांना नोंदीतली एक चूक दाखवली : मुलगी मुळाची लांबी एक दिवस बीच्या टोकापासून मोजत होती, दुसऱ्या दिवशी मातीच्या पातळीपासून, म्हणून तिच्या तक्त्यात मूळ मध्येच आखूड झालेलं दिसत होतं. आईने हे घरी सांगितलं तेव्हा मुलीने आपली वही काढून स्वतः आकडे तपासले. आभाराच्या परिच्छेदात हेच लिहायचं. त्यावरून बाईंना कळतं की त्यांचं शिकवणं घरापर्यंत पोहोचलं.

चांगल्या गोष्टी शोधून शोधून पाच लिहू नका. एक नीट लिहा. दुसरी लिहायचीच असेल तर वर्गात वही सापडल्याचं सांगितलं ती घ्या, कारण तिथे बाईंनी आपली बाजू थोडी खाली घेतली होती आणि ते सोपं नसतं.

पाचवी पायरी : मराठीत घसरायच्या जागा

हे पत्र मराठीत लिहिताना काही शब्द फसवतात. पहिला "आपण". आदराने समोरच्याला आपण म्हणतो आणि दोघांना मिळूनही आपणच म्हणतो. "बैठकीत आपण ठरवल्याप्रमाणे वही वर्गात दिली जाईल" या वाक्यात ठरवलं कोणी, बाईंनी की सगळ्यांनी? वही देणार कोण? नोंदीच्या कागदावर अशी धूसर जागा नको. "बैठकीत ठरल्याप्रमाणे यापुढे ती वही वर्गात आपल्याच हाती देईल" असं कर्त्यासह लिहा. स्वतःसाठी सगळीकडे "आम्ही" आणि बाईंसाठी सगळीकडे "आपण" ठेवा, अधूनमधून "तुम्ही" येऊ देऊ नका.

दुसरी जागा "चूक झाली". मराठीत चूक आपोआप होते, करणारा दिसत नाही. स्वतःच्या चुकीबद्दल लिहिताना "आमच्याकडून चूक झाली असेल तर" असं लिहिलं की माफी मागितलीही जाते आणि मागितली जातही नाही. "आम्ही लिहिलं, ते चुकीचं होतं" एवढं सरळ लिहा. तसंच "दिलगीर आहोत" आणि "माफी मागतो" यांतही फरक आहे. उशिरा उत्तर दिल्याबद्दल दिलगीर व्हावं. एखाद्याच्या स्वभावावर आरोप केला असेल तर माफी मागावी.

मायना आणि शेवट यांवर फार वेळ घालवू नका. "आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार" चांगलं. "विनंती विशेष" अर्जात शोभतं, इथे नको. शेवटी "आपला विश्वासू" हेही अर्जाचंच, त्यापेक्षा "आपले" आणि खाली सह्या. तक्रारीवर आई आणि वडील दोघांची नावं होती, तर या पत्रावरही दोघांची हवीत. एकाचीच आली तर दुसऱ्याचं समाधान झालं नाही की काय, अशी शंका राहते.

सहावी पायरी : पहिला खर्डा आणि त्यातली खोड

या पालकांनी आधी लिहिलं असतं ते साधारण असं :

"आदरणीय मॅडम, परवा झालेल्या बैठकीबद्दल खूप खूप धन्यवाद. आमच्याकडून गैरसमजातून जी तक्रार झाली, त्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपल्याला त्रास झाला असल्यास क्षमस्व. आपल्यासारख्या शिक्षिका मुलांना लाभल्या हे भाग्य आहे. झालं गेलं विसरून जावं ही विनंती. तरी पुढेही मुलीकडे लक्ष असू द्यावे."

भावना खरी आहे, पण कागद निरुपयोगी आहे. कुठली तक्रार, कळत नाही. मागे घेतली का, कळत नाही. गुणांची चूक शाळेत झाली होती, ती इथे पालकांच्या गैरसमजात जमा झाली. ज्या एका वाक्याची माफी हवी होती त्याचा उल्लेखच नाही, बाकी सगळ्याची माफी आहे. शेवटचं "लक्ष असू द्यावे" तर बाई दोन प्रकारे वाचू शकतात, आणि तक्रारीनंतर माणूस वाईट अर्थच आधी वाचतो.

तीन खुणा समोर ठेवून तेच पत्र असं होतं :

दिनांक : 21 फेब्रुवारी
प्रति, विज्ञान शिक्षिका, इयत्ता सहावी
विषय : आमची 8 फेब्रुवारीची तक्रार मागे घेण्याबाबत, तसेच आभार
विद्यार्थिनी : (पूर्ण नाव, तुकडी, हजेरी क्रमांक)

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

16 फेब्रुवारीच्या बैठकीसाठी आपण वेळ दिलात, याबद्दल आभार.

8 फेब्रुवारीच्या ईमेलमध्ये आम्ही प्रकल्पाच्या गुणांबद्दल आणि वर्गासमोर झालेल्या बोलण्याबद्दल तक्रार केली होती. निरीक्षण वही दुसऱ्या तुकडीच्या गठ्ठ्यात सापडल्यावर आपण ती तपासलीत आणि गुण 9 वरून 15 झाले. 19 तारखेला ही दुरुस्ती आम्ही गुणपत्रकात पाहिली. वर्गातल्या बोलण्याबद्दल आपण आमच्या मुलीशी बोललात आणि 20 तारखेला वही सापडल्याचे वर्गालाही सांगितलेत. दोन्ही बाबतींत आमचे समाधान झाले आहे. म्हणून आम्ही आमची 8 फेब्रुवारीची तक्रार मागे घेत आहोत.

त्याच ईमेलमध्ये आपला आमच्या मुलीवर राग असल्याचे आम्ही लिहिले होते. तो आमचा अंदाज होता आणि तो चुकीचा होता. त्या वाक्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो.

बैठकीत आपण स्वतः दोन्ही गठ्ठ्यांतली एकेक वही उलटून पाहिलीत आणि वही सापडल्यावर तिच्या नोंदीतली मोजण्याची चूकही आम्हाला दाखवलीत. घरी आल्यावर तिने तक्ता काढून कुठल्या दिवशी चुकीच्या जागेपासून मोजले ते स्वतः शोधले. हे आपल्याला कळवावेसे वाटले.

बैठकीत ठरल्याप्रमाणे यापुढे ती प्रकल्पाची वही वर्गात आपल्याच हाती देईल. तिने ती दिली की नाही, हे आम्ही त्याच दिवशी तिला विचारू.

हे पत्र आमच्या मूळ तक्रारीसोबत ठेवावे, ही मुख्याध्यापिकांना विनंती.

आपले,
(आई व वडील दोघांची नावे, सह्या)
प्रत : मुख्याध्यापिका, वर्गशिक्षक

एका पानात बसतं. क्रमही पाहा. आधी छोटे आभार, मग तक्रारीचा निकाल, मग माफी, आणि मनापासूनचे आभार माफीनंतर. हेच आभार आधी आले असते तर ते माफीची तयारी वाटले असते. वही चुकीच्या हातात मुलीनेच दिली होती, हे पत्रात उगाळलेलं नाही. यापुढे काय करणार, एवढंच लिहिलं आहे. मूल कुठे चुकलं याची कबुली लेखी देण्याची गरज नसते. व्हरांड्यातल्या सरांचाही उल्लेख नाही. मिटलेल्या तक्रारीत नवा माणूस ओढायचा नाही, आणि दुसऱ्या मुलाचं नाव मूळ तक्रारीत असेल तर तेही इथे पुन्हा लिहायचं नाही.

सातवी पायरी : कोणाकडे आणि कसं

तक्रार ज्या ज्या हातांत गेली त्या सगळ्यांकडे हे पत्र जायला हवं, एकही कमी नको. मुख्याध्यापिकांकडे तक्रार गेली आणि आभार फक्त बाईंना मिळाले, तर वरच्या नजरेत तक्रार उभीच राहते. ईमेल असेल तर नवा ईमेल सुरू करू नका. मूळ तक्रारीचा ईमेल उघडून त्यालाच सर्वांना उत्तर द्या, म्हणजे तक्रार आणि निकाल एकाच साखळीत राहतात. फक्त विषयाची ओळ बदला. जुन्या विषयात "अन्यायाबाबत" असा शब्द असेल तर तोच पुन्हा सगळ्यांच्या पडद्यावर झळकतो. विषय बदलल्यावर काही ठिकाणी ईमेल वेगळा पडतो, म्हणून मजकुरातली तारीख महत्त्वाची.

कागदावर तक्रार दिली असेल तर पत्र कार्यालयात द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या, आणि मूळ तक्रारीवरचा आवक क्रमांक माहीत असेल तर संदर्भात लिहा. बाईंची प्रत बंद पाकिटात त्यांच्या हाती द्या. मुलाच्या दप्तरात घालून किंवा डायरीत लिहून पाठवू नका. डायरी शेजारच्या बाकावरचं मूलही वाचतं.

तक्रार पालकांच्या ग्रुपवरही बोलली गेली असेल, तर तिथेही एक ओळ टाकावी लागते. मागे घेण्याचं पत्र तिथे चिकटवू नका, ते शाळेचं आहे. "आमचा प्रकल्पाच्या गुणांचा विषय बैठकीत मिटला, वही सापडली, मॅडमनी लगेच दुरुस्ती केली" एवढंच लिहा आणि त्याखाली सुरू होणाऱ्या चर्चेत पडू नका. जिथे बोललो तिथेच मिटल्याचं सांगणं बाईंना पत्राइतकंच मोलाचं असतं, कारण शाळेत पसरतं ते ग्रुपवरचं.

पत्र गेल्यावर

बहुतेक वेळा बाईंचं दोन ओळींचं उत्तर येतं. नाही आलं तर मागू नका. तक्रार झालेल्या माणसाला कधीकधी काय लिहावं ते सुचत नाही, आणि मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय लिहू नये असंही त्यांना सांगितलेलं असतं. पत्र पोचल्याची खात्री हवी असेल तर ती कार्यालयाकडून घ्या.

कधी उलटंही होतं. शाळेकडून आलेल्या नोंदीत "पालकांनी तक्रार निराधार असल्याचे मान्य केले" असं लिहिलेलं दिसतं. मी स्वतः असा शेरा एकदा खोडून घेतला होता, कारण पालकांच्या पत्रात "निराधार" हा शब्द नव्हताच. अशा वेळी चिडायचं नाही. आपल्या पत्राची प्रत जोडून एक ओळ पाठवायची : "आमच्या पत्रात तक्रार मागे घेतली आहे, ती निराधार असल्याचे आम्ही म्हटलेले नाही, कृपया नोंद त्याप्रमाणे करावी." पत्रात तारखा आणि खुणा स्वच्छ असतील तर दुरुस्ती लगेच होते, पत्र मोघम असेल तर वाद घालायला हातात काही राहत नाही.

आणि मुलीला सांगा. पत्र पाठवण्याआधी आईने तिला ते वाचून दाखवलं तर सर्वांत उत्तम. तिने हमखास विचारलेला प्रश्न असतो, "म्हणजे मी खोटं बोलले होते का?" तेव्हा पत्रातल्या दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून सांगता येतं की नाही, हे बघ, तू सांगितलेलं सगळं इथे लिहिलं आहे.